वर्गाच्या ग्रुपचा गोषवारा: तारखा, पैसे आणि कोणाचे काम काय

डिसेंबरमध्ये प्राथमिक शाळेच्या कुठल्याही वर्गाचा पालकांचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप वाहता असतो. सहल, स्नेहसंमेलन, तोंडी परीक्षा आणि नाताळची सुट्टी, सगळे एकाच महिन्यात येते. बाई एक सूचना टाकतात. तिच्याखाली वीस-बावीस जण ‘ओके मॅम’ लिहितात, मग दोन प्रश्न येतात, एकाचे उत्तर आठवणीतून दिले जाते, मध्येच कोणाचा तरी वाढदिवस निघतो. संध्याकाळी कामावरून परतलेले आई-बाबा ग्रुप उघडतात तेव्हा साठ-सत्तर मेसेज न वाचलेले असतात आणि त्यांतली कामाची सूचना वर कुठेतरी दबलेली असते. ती शोधण्यापेक्षा विचारणे सोपे वाटते, म्हणून ‘सहलीचे पैसे कधीपर्यंत?’ असा आणखी एक मेसेज पडतो. त्याला कोणीतरी घाईघाईने उत्तर देतो, आणि ते चुकले तर पुढच्या दहा जणांसाठी तीच सूचना ठरते.

यावर बऱ्याच वर्गांनी आपापला उपाय काढला आहे. एखादी आई किंवा एखादे बाबा आठवड्यातून एकदा सगळे मेसेज वाचतात आणि एकाच मेसेजात गोषवारा टाकतात: तारखा कोणत्या, पैसे किती आणि कोणाकडे, काम कोणाचे. दिसायला हे साधे आहे. पण लांब मजकूर आखूड केला की गोषवारा तयार होतो असे समजून कोणी बसले तर फसगत होते. ग्रुपवर एकाच गोष्टीबद्दल चार वेगवेगळी विधाने पडलेली असतात. त्यांतले आज लागू असलेले कोणते, ते कोणी सांगितले, आणि त्यामुळे कोणत्या घराला नेमके काय करायचे आहे, एवढे ठरवणे हे खरे काम आहे. ते कसे करायचे, हे एका आठवड्याच्या उदाहरणातून पाहू. उदाहरणातली नावे आणि आकडे कल्पित आहेत, पण असा आठवडा शाळकरी मुलांच्या बहुतेक घरांना ओळखीचा वाटेल.

चौथी ‘अ’चा एक आठवडा

सोमवार, ८ डिसेंबर. वर्गशिक्षिका शाळेच्या छापील पत्रकाचा फोटो टाकतात. चौथीची सहल शुक्रवार १९ डिसेंबरला आहे, शुल्क ६५० रुपये. संमतीपत्र आणि शुल्क शुक्रवार १२ डिसेंबरपर्यंत लिफाफ्यात घालून, वर मुलाचे नाव लिहून पाठवायचे आहे.

मंगळवार, ९ डिसेंबर. बाईंचा दुसरा मेसेज: स्नेहसंमेलन मंगळवार २३ डिसेंबरला संध्याकाळी ५ वाजता, मुलांनी साडेतीनला शाळेत यायचे. वर्गातली २४ मुले कोळीनृत्यात आहेत. त्यांचे ड्रेस पालकांनी मिळून भाड्याने आणायचे आहेत. ओवीची आई पुढाकार घेते आणि लिहिते, ‘दुकानदार ३५० सांगतोय. माझ्या नंबरवर गुरुवारपर्यंत पाठवा.’ रात्री कोणीतरी लिहितो, ‘ब तुकडीच्या ग्रुपवर म्हणतायत सहल पुढे गेली.’ त्यावर अर्धा तास चर्चा चालते.

बुधवार, १० डिसेंबर. दुपारी बाई कळवतात: सहल आता शनिवार २० डिसेंबरला. शुल्क आणि संमतीपत्र सोमवार १५ पर्यंत चालेल. मुलांसोबत यायला दोन पालक हवे आहेत. रात्री ९ वाजून ४० मिनिटांनी आणखी एक ओळ येते, ‘उद्या सर्वांनी चित्रकलेची वही पाठवावी.’

गुरुवार, ११ डिसेंबर. सकाळी एक काळजीवाहू बाबा सोमवारच्या पत्रकाचा तोच फोटो पुन्हा टाकतात आणि खाली लिहितात, ‘रिमाइंडर! उद्या शेवटचा दिवस.’ ज्यांनी बुधवारचा मेसेज पाहिलेला नाही त्यांची धावपळ सुरू होते. दुपारी ओवीच्या आईचा आवाजी मेसेज येतो. दुकानदार ३२० रुपयांना तयार झाला आहे, पण प्रत्येक ड्रेसमागे १०० रुपये अनामत मागतो. ड्रेस शुक्रवारी २६ तारखेला परत केले की अनामत परत मिळेल. पैसे शनिवार १३ तारखेला रात्री ९ पर्यंत द्यावेत, रविवारी ऑर्डर द्यायची आहे. तोवर नऊ जणांनी ३५० रुपये पाठवलेले असतात. मिहिरची आई लिहिते, ‘मापं मी लिहून घेते. शनिवारपर्यंत मला मुलांची उंची पाठवा.’

शुक्रवार, १२ डिसेंबर. सहलीसोबत जाण्याबद्दल सईची आई लिहिते, ‘मी येईन.’ कबीरचे बाबा लिहितात, ‘बघतो, सुट्टी मिळाली तर.’ संध्याकाळी प्रश्न येतो: सहलीला डबा द्यायचा, की जेवण शुल्कातच आहे? तीन पालक तीन उत्तरे देतात. बाईंचे उत्तर नाही.

एवढ्या पाच दिवसांत ‘ओके’, हात जोडलेली चिन्हे आणि चौकशा धरून दोनशेच्या आसपास मेसेज सहज होतात. शुक्रवारी रात्री आठ वाजता गोषवारा करायचा आहे असे धरू.

तारखा: शेवटचा शब्द कोणाचा?

पहिली सवय वाचण्याच्या दिशेची. एका वेळी एकच विषय धरावा, त्याचा सगळ्यात अलीकडचा मेसेज शोधावा आणि तिथून मागे जावे. वरून खाली वाचत आले की १९ तारीख आधी डोक्यात बसते आणि पुढचा बदल नजरेतून सुटतो. पण नुसते ‘सगळ्यात नवे ते खरे’ असेही चालत नाही. सहलीचा सगळ्यात नवा मेसेज गुरुवारच्या ‘रिमाइंडर’चा आहे, आणि तो जुन्या पत्रकाचा आहे. म्हणून प्रत्येक मेसेजाला दोन प्रश्न विचारावे लागतात: हा कधीचा आहे, आणि हे सांगण्याचा अधिकार कोणाचा आहे? सहलीची तारीख बाई किंवा शाळा बदलू शकते. ‘ब’ तुकडीतले कोणी किंवा पालक बदलू शकत नाहीत. तेव्हा अधिकार असलेल्या माणसाचा सगळ्यात अलीकडचा शब्द घ्यायचा. तो बुधवार दुपारचा आहे: शनिवार, २० डिसेंबर.

मंगळवारची ‘ब’ तुकडीची बातमी शेवटी खरी ठरली, तरी मंगळवारी ती गोषवाऱ्यात तारीख म्हणून घालणे चूकच ठरले असते. तेव्हा ती फार तर ‘बाईंना विचारायचे’ या यादीत बसली असती. ऐकीव गोष्ट आणि सूचना यांच्यातली ही रेघ पुसली गेली की गोषवाऱ्यावरचा विश्वास एका फटक्यात जातो, कारण पालक त्यावर विसंबून रजा टाकतात, पैसे पाठवतात, गाडीची सोय करतात.

दुसरी अडचण ‘उद्या’ची. बाईंनी बुधवारी रात्री लिहिलेला ‘उद्या’ म्हणजे गुरुवार, ११ डिसेंबर. पण गुरुवारी सकाळी चहा घेताना तो मेसेज पाहणाऱ्याला उद्या म्हणजे शुक्रवार वाटतो आणि मूल वहीशिवाय शाळेत जाते. ‘परवा’, ‘येत्या शनिवारी’, ‘पुढच्या आठवड्यात’ हे शब्द त्याच जातीचे. गोषवाऱ्यात यांतला एकही शब्द राहू देऊ नये. मेसेज कोणत्या दिवशी टाकला हे पाहून त्याची तारीख काढावी आणि वारासकट लिहावी. चित्रकलेच्या वहीचा दिवस शुक्रवारी उलटून गेलेला आहे, त्यामुळे ती नोंद गोषवाऱ्यात येणारच नाही. उलटून गेलेल्या गोष्टी काढून टाकणे हाही या कामाचा भाग आहे.

वार लिहिण्याचा आणखी एक उपयोग आहे. तारीख आणि वार कॅलेंडरवर जुळतात का, हे पाहायला काही सेकंद लागतात आणि चूक लगेच सापडते. कोणी ‘शुक्रवार २०’ असे लिहिले असेल तर या डिसेंबरात २० तारखेला शनिवार आहे. म्हणजे वार तरी चुकला किंवा तारीख तरी. अशा वेळी आपण अंदाजाने दुरुस्ती करू नये, विचारावे. शुक्रवारी १९ ला जायचे की शनिवारी २० ला, हा फरक पोहोचवणाऱ्या आजोबांसाठी मोठा असतो.

पैसे: किती, कोणाला, कसे

पैशांच्या नोंदीत सर्वांत जास्त गोंधळ होतो, कारण ग्रुपवर ‘पैसे’ या एकाच शब्दाखाली वेगवेगळे व्यवहार चालू असतात. आपल्या उदाहरणात दोन आहेत. सहलीचे ६५० रुपये शाळेचे आहेत. ते रोख, लिफाफ्यात, संमतीपत्रासोबत, बाईंकडे जातात. ड्रेसचे पैसे पालकांनी आपसांत जमवलेली वर्गणी आहे. ते यूपीआयने ओवीच्या आईकडे जातात आणि ते २४ घरांपुरतेच आहेत. या दोन्हींची बेरीज करून ‘१०७० रुपये भरा’ असे कधीही लिहू नये. तसे लिहिले की कोणीतरी सगळी रक्कम ओवीच्या आईला पाठवतो, आणि लिफाफा सोमवारी शाळेत पोचत नाही. प्रत्येक रकमेसोबत चार गोष्टी एकाच ओळीत हव्यात: किती, कोणाला, कशाने, कधीपर्यंत. आणि त्याआधी पाचवी: हे कोणासाठी आहे.

आता ड्रेसचा हिशेब जवळून पाहू. भाडे ३२० आणि अनामत १००, मिळून मुलामागे ४२० रुपये. २४ मुलांचे भाडे ७,६८०, अनामत २,४००, एकूण १०,०८० रुपये. नऊ जणांनी जुन्या दराने ३५० दिले आहेत, म्हणजे ३,१५० जमा. त्या नऊ जणांना आता प्रत्येकी ७० रुपये द्यायचे आहेत, एकूण ६३०. उरलेल्या १५ जणांना पूर्ण ४२०, एकूण ६,३००. जमा आणि येणे यांची बेरीज करून पाहा: ३,१५० अधिक ६३० अधिक ६,३०० म्हणजे १०,०८०. हिशेब जुळला.

ही बेरीज गोषवारा टाकण्याआधी करायचीच. ती केली नाही तर पहिले वाक्य डोक्यात येते ते ‘भाडे कमी झाले, नऊ जणांना ३० रुपये परत मिळतील’ असे. ऐकायला ते बरोबर वाटते, पण अनामत धरली की त्या नऊ जणांनाच आणखी ७० रुपये द्यावे लागतात. आवाजी मेसेज घाईत ऐकणाऱ्यांपैकी बरेच जण ‘३२० झाले’ एवढेच ऐकतात आणि ३२० पाठवून मोकळे होतात. म्हणून गोषवाऱ्यात दर सांगण्यापेक्षा कोणी किती पाठवायचे ते सांगावे: ‘आधी ३५० दिले असतील तर ७०. काहीच दिले नसेल तर ४२०.’ शंभर रुपये परत मिळणारे आहेत हेही लिहावे, म्हणजे खर्च वाढला असा गैरसमज होत नाही.

दुसरा प्रश्न कोणी भरले याचा. ग्रुपवर बारा जणांनी ‘डन’ लिहिले असेल किंवा अंगठा दाखवला असेल, तरी बारा जणांचे पैसे आले असे होत नाही. अंगठ्याचा अर्थ ‘पाहिले’ असाही असतो. कोणाचा व्यवहार अडकलेला असतो, कोणी सहलीचा लिफाफा पाठवला म्हणून ‘डन’ लिहिलेले असते. पैसे मिळाले की नाही हे जिच्या खात्यात ते यायचे आहेत तीच सांगू शकते. म्हणून जमा रकमेचा आकडा नेहमी ओवीच्या आईकडून घ्यावा, ग्रुपवरच्या अंगठ्यांवरून मोजू नये. तिचेही काम सोपे करायला हवे. खात्यात पैसे येतात तेव्हा तिथे बाबांचे, आत्याचे किंवा आजोबांचे नाव दिसते, मुलाचे दिसत नाही. पैसे पाठवताना टिपणाच्या जागी ‘मिहिर, चौथी अ, ड्रेस’ असे लिहिले तर शोधाशोध टळते. तरीही वाद झालाच, तर यूपीआय व्यवहाराचा बारा आकडी संदर्भ क्रमांक दोन्ही बाजूंना दिसतो, त्यावरून जुळवणी करता येते.

कोणाचे पैसे यायचे आहेत त्यांची नावे मात्र ग्रुपवर टाकू नयेत. इथे मी आग्रही आहे. एखाद्या घरात या महिन्यात खरोखरच ओढाताण असेल, एखाद्या आईला मुलाने नाचात राहावे की नाही हे अजून ठरवायचे असेल. गोषवाऱ्यात ‘१५ जणांचे यायचे आहेत’ एवढा आकडा पुरतो. आठवण वैयक्तिक मेसेजाने करावी. मुलांचे आजार, औषधे, घरातली अडचण यांचेही तसेच. ग्रुपवर कोणी भावनेच्या भरात लिहिले असेल तरी ते गोषवाऱ्यात पुन्हा मांडायचे नाही. जी माहिती एका मुलापुरती आहे ती त्या मुलाच्या घराची आणि बाईंची.

कामे: ‘बघतो’ म्हणजे होकार नव्हे

कामाच्या नोंदीला एकच माणूस हवा. ‘पालकांनी ड्रेस परत करावेत’ असे लिहिले की कोणीच परत करत नाही. दुकानदाराला २४ ड्रेस एका फेरीत एका माणसाने परत करायचे आहेत की प्रत्येकाने आपापला, हे शुक्रवारपर्यंत ग्रुपवर कोणीच विचारलेले नाही. २५ ला नाताळ आहे, २६ ला ड्रेस परत करायचे आहेत आणि त्यावर २,४०० रुपये अडकलेले आहेत. गोषवारा लिहिताना अशी रिकामी जागा समोर येते, कारण ‘कोण’ या रकान्यात लिहायला नाव सापडत नाही. ती रिकामी आहे असे स्पष्ट लिहावे, म्हणजे ती भरली जाते.

काम कोणाच्या नावावर लिहायचे हे त्या माणसाच्या शब्दांवरून ठरवावे. सईच्या आईने ‘मी येईन’ म्हटले आहे, तिचे नाव लिहायला हरकत नाही. कबीरच्या बाबांनी ‘बघतो’ म्हटले आहे. आपल्याकडे ‘बघतो’चा अर्थ बोलणाऱ्याच्या मनात काहीही असू शकतो. भिडेखातर दिलेला तो नकारही असतो. त्यांचे नाव लिहून टाकले तर बाई दोन पालक मिळाले असे समजतील, आणि सहलीच्या दिवशी बसमध्ये एकच पालक असेल. म्हणून दुसरी जागा रिकामी दाखवावी आणि कबीरच्या बाबांना वेगळे विचारावे. तसेच ‘सर्वांनी’ आणि ‘इच्छुकांनी’ यातला फरक जपावा. संमतीपत्र सहलीला जाणाऱ्या प्रत्येक मुलाचे हवे, ड्रेसचे माप फक्त नाचातल्या मुलांचे.

आणि जे ठरलेले नाही ते प्रश्न म्हणून लिहावे. डब्याबद्दल तीन पालकांनी तीन उत्तरे दिली, त्यांतले बहुमत काढण्यात अर्थ नाही. प्रश्नासमोरही एक नाव हवे: बाईंना कोण विचारणार? एकाने विचारले तर बाईंना एक फोन जातो, नाहीतर तोच प्रश्न घेऊन दहा जण त्यांना गाठतात.

तयार गोषवारा

हे सगळे लक्षात घेऊन शुक्रवार रात्रीचा मेसेज असा होईल:

*चौथी अ: शुक्रवार १२ डिसेंबर, रात्री ८ पर्यंतचे*

*बदल*
सहल १९ ऐवजी शनिवार २० डिसेंबर. शुल्काची मुदत आता सोमवार १५ डिसेंबर. (बाईंचा मेसेज, बुधवार दुपार. गुरुवारी फिरलेले पत्रक जुने आहे.)

*तारखा*
शनि. १३, रात्री ९: ड्रेसचे पैसे आणि मुलांची उंची
सोम. १५: सहलीचे शुल्क आणि संमतीपत्र
शनि. २०: सहल
मंगळ. २३: स्नेहसंमेलन सायं. ५, मुलांनी ३.३० ला यायचे
शुक्र. २६: ड्रेस परत

*पैसे*
सहलीला जाणारी सर्व मुले: ६५० रु. रोख, लिफाफ्यावर मुलाचे नाव, सोबत संमतीपत्र, बाईंकडे.
फक्त कोळीनृत्यातील २४ मुले: ओवीच्या आईला यूपीआयने. आधी ३५० दिले असतील तर ७०, नसतील तर ४२०. यातले १०० ड्रेस परत केल्यावर मिळतील. टिपणात मुलाचे नाव लिहा.

*कामे*
ड्रेसचे पैसे जमवणे आणि रविवारी ऑर्डर: ओवीची आई
मापे लिहून घेणे: मिहिरची आई
सहलीसोबत पालक १: सईची आई
सहलीसोबत पालक २: जागा रिकामी
२६ ला ड्रेस परत नेणे: जागा रिकामी

*अजून ठरलेले नाही*
सहलीला डबा द्यायचा का? वर्गप्रतिनिधी सोमवारी बाईंना विचारून सांगतील.

माथ्यावरची तारीख आणि वेळ महत्त्वाची आहे. रात्री नऊ वाजता बाईंनी काही बदलले तर ते या गोषवाऱ्यात नाही, हे तिच्यावरून कळते. बदल सर्वांत वर घेतला, कारण जुनी माहिती ज्यांच्या डोक्यात पक्की बसली आहे त्यांनी आधी तोच वाचायला हवा. बाईंचा कोणता मेसेज ग्राह्य धरला हे कंसात दिले आहे, म्हणजे कोणालाही वर जाऊन पडताळता येईल.

हा सगळ्यांसाठीचा मेसेज झाला. घरात मात्र त्यातली आपली ओळ वेगळी काढावी लागते. नाचात नसलेल्या मुलाच्या घराला एकच पैसा आहे: सोमवारी लिफाफा. आधी ३५० भरलेल्या घराला शनिवारी ७० रुपये आणि उंची, सोमवारी लिफाफा. काहीच न भरलेल्या घराला शनिवारी ४२० आणि उंची, सोमवारी लिफाफा. आई-बाबा दोघेही ग्रुपवर असतील तर दोघांनीही मेसेज पाहिलेला असतो आणि दुसऱ्याने केले असेल असे दोघांनाही वाटते. म्हणून लिफाफा कोण भरणार आणि यूपीआय कोण करणार, हे नाव घेऊन ठरवावे आणि फ्रिजवर किंवा फोनच्या कॅलेंडरवर लावावे. फोनच्या कॅलेंडरवर आठवण शेवटच्या दिवसाची लावू नये, आदल्या संध्याकाळची लावावी. सोमवारच्या लिफाफ्यासाठी सुटे पैसे रविवारी रात्री हवे असतात.

शोधात काय सुटते

गोषवारा करणाऱ्याला ग्रुपमधली शोधाची सोय उपयोगी पडते. ‘पर्यंत’, ‘ऐवजी’, ‘रुपये’, ‘उद्या’, ‘बदल’ हे शब्द टाकून पाहावेत. त्यांचे रोमन लिपीतले लिखाणही पाहावे, कारण निम्मे पालक मराठी तसेच लिहितात. पण या शोधाला एक मोठे भगदाड आहे. पत्रकाच्या फोटोतली अक्षरे आणि आवाजी मेसेजातले बोलणे शब्द टाकून सापडत नाही. आपल्या उदाहरणात सहलीची मूळ सूचना फोटोत आहे आणि ड्रेसचा नवा दर आवाजात. म्हणजे कामाचे दोन्ही मोठे आकडे शोधाच्या बाहेर राहिले असते. काही जण ग्रुपमधून Export chat करून सगळा मजकूर एका फाइलमध्ये उतरवून घेतात आणि निवांत वाचतात. फोटोंशिवाय उतरवलेल्या फाइलमध्ये फोटो आणि आवाजाच्या जागी नुसते `<Media omitted>` येते. अशी प्रत्येक जागा मूळ ग्रुपवर जाऊन उघडून पाहिल्याशिवाय गोषवारा पुरा झाला असे समजू नये. आणि त्या फाइलमध्ये सगळ्या घरांचे बोलणे असते, म्हणून काम झाले की ती पुसून टाकावी, पुढे पाठवू नये.

गोषवारा ग्रुपवर टाकल्यावर तोही मेसेजांखाली जातोच. त्यासाठी तो माथ्यावर टाचून ठेवता येतो. मेसेज दाबून धरला की Pin हा पर्याय मिळतो आणि २४ तास, ७ दिवस की ३० दिवस ते विचारले जाते. आठवड्याच्या गोषवाऱ्याला ७ दिवस योग्य. पुढचा टाकला की जुना काढावा, नाहीतर दोन टाचलेल्या मेसेजांत दोन तारखा दिसू लागतात. टाकलेल्या मेसेजात दुरुस्ती पहिल्या १५ मिनिटांतच करता येते. नंतर चूक लक्षात आली तर खाली ‘दुरुस्ती’ असा छोटा मेसेज पुरेसा नाही, कारण लोक टाचलेलाच वाचतात. पूर्ण गोषवारा नव्या वेळेसह पुन्हा टाकावा आणि तोच टाचावा.

शाळेचे पत्रक, मुलाच्या डायरीतली नोंद आणि गोषवारा यांत फरक दिसला तर शाळेचे मानावे, पण त्यातही अलीकडचे कोणते ते पाहावे. डायरीत सोमवारी लिहिलेले १९ डिसेंबर बुधवारच्या मेसेजाने मागे पडलेले असू शकते.

शेवटचा गोषवारा बहुतेक वर्गांत राहून जातो, आणि तो हिशेबाचा असतो. २६ डिसेंबरला ड्रेस परत गेले की दुकानदाराकडून किती अनामत मिळाली, एखादा ड्रेस फाटला म्हणून किती कापली आणि २४ घरांना प्रत्येकी किती परत गेले, हे ओवीच्या आईने लिहायचे आणि त्याखाली ‘ड्रेसचा हिशेब पूर्ण’ असे टाकायचे. २,४०० रुपयांपैकी एक रुपयाही कुठे गेला हे विचारायची वेळ कोणावर आली नाही, तर फेब्रुवारीत निरोपसमारंभाची वर्गणी जमवायला पुन्हा कोणीतरी आनंदाने पुढे येते.